काळ्या मातीत दोन खड्ड्यांचं शौचालय: भांडं कोणतं, पाणी किती, खड्डा केवढा?

काळीआई_परभणी

परसात नवीन शौचालय बांधायचं आहे. गावात गटार नाही. घरात सहा माणसं. माती चार फुटांपर्यंत चिकट काळी, त्याखाली मुरूम. परसाची लांबी साधारण १८ फूट. विहीर जागेपासून ३५ फुटांवर, पिण्याचं पाणी तिचंच.

गवंडी म्हणतो १० फूट खोल एकच खड्डा घ्या, तीस वर्षं बघायला नको. भाऊ म्हणतो सेप्टिक टाकी बांधू आणि वर १० लिटरची फ्लश टाकी बसवू. ग्रामपंचायतीत दोन खड्ड्यांचा नकाशा लावलेला आहे, पण त्यात खड्डा सव्वातीन फुटांचाच दाखवलाय आणि तो काळ्या मातीत चालेल का हे कुणी सांगत नाही. जाणकारांनी मापांसकट सांगावं.

---

भगवान_गवंडी

दोन खड्डे घ्या, पण जोडणी नीट समजून घ्या. पहिल्या खड्ड्यात मैला पडतो, तो भरत आला की वरचं पाणी पाइपाने दुसऱ्या खड्ड्यात जातं आणि तिथे जिरतं. पहिल्याला आतून गिलावा, दुसऱ्याला जाळी, म्हणजे विटांमध्ये फटी. आणि पहिल्या खड्ड्याला गॅसचा पाइप छपराच्या वर न्यायचा, नाहीतर गॅस कोंडतो आणि घरात वास येतो.

---

जलबंद

भगवानदादा, तुम्ही सांगितलेली रचना सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्याची आहे, आणि तिथे ती बरोबर आहे. गॅस पाइपही तिथे लागतोच. पण दोन खड्ड्यांच्या शौचालयात खड्डे एकामागे एक जोडत नाहीत. भांड्याकडून येणारा पाइप एका छोट्या चेंबरमध्ये येतो, तिथून दोन तोंडं फुटतात आणि त्यातलं एक तोंड कायम बंद असतं. एका वेळी एकच खड्डा चालू, दुसरा पूर्ण बंद. दोन्ही खड्डे जाळीदार, दोन्हींचा तळ कच्चा.

खड्डे ओळीने जोडले की दोन्ही एकाच वेळी ओले राहतात. मग मैला कुठल्याच खड्ड्यात सुकत नाही, आणि उपसायची वेळ येते तेव्हा ताजी घाण हाताशी येते. खड्डा पाळीपाळीने वापरायचा तो याचसाठी की बंद खड्ड्याला दोन वर्षं कोरडी विश्रांती मिळावी. जाळीच्या खड्ड्यातला गॅस आजूबाजूच्या मातीत शिरतो, म्हणून त्याला पाइप लागत नाही. पाइप लावला तर उलट त्यातून डास आत-बाहेर करतात.

आता मूळ प्रश्न. काळीआई, तुम्ही भांडं आणि खड्डा वेगवेगळे ठरवताय. सुरुवात भांड्यापासून करा, कारण मातीला रोज किती पाणी प्यावं लागणार हे भांडं ठरवतं.

ग्रामीण भांड्याचा तळ तीव्र उताराचा असतो, २५ ते २८ अंश. खालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपात, पाणी फक्त २० मिलीमीटर उभं राहतं. त्यामुळे दीड-दोन लिटर पाणी एका झटक्यात ओतलं की मैला निघून जातो. शहरात मिळणाऱ्या साध्या भांड्याचा तळ जवळपास सपाट आणि ट्रॅपमध्ये पाणी ५० मिलीमीटर. त्याला दोन लिटर पुरत नाहीत, दोन-तीनदा ओतावं लागतं, म्हणून वर फ्लश टाकी येते. दुकानात दोन्ही भांडी शेजारी ठेवा, फरक डोळ्यांनी दिसतो. भांडं ग्रामीण घेतलं आणि ट्रॅप शहरी जोडला तरीही तोच घोटाळा होतो, तेव्हा दोन्ही जोडीनेच घ्या.

ग्रामीण भांड्यावर धुण्याचं पाणी, लघवीनंतरचा तांब्या, फरशी धुणं सगळं धरून माणशी रोज १० लिटरच्या आसपास जातं. सहा माणसांचे ६० लिटर. १० लिटरची टाकी दिवसातून तीनदा ओढली तर धुण्याच्या पाण्यासह माणशी ३२ लिटर, म्हणजे घराचे १९० च्या वर. माती मात्र तीच.

---

काळीआई_परभणी

हे पटलं. पण सेप्टिक टाकी घेतली तर पाण्याचा प्रश्नच येत नाही ना? पाणी टाकीतच राहील.

---

जलबंद

राहत नाही. सेप्टिक टाकी कायम काठोकाठ भरलेलीच असते. वरून १० लिटर आले की दुसऱ्या टोकाने १० लिटर बाहेर. टाकी फक्त गाळ खाली बसवते आणि साय वर धरते. बाहेर येणारं पाणी दिसायला बरं, पण जंतूंनी भरलेलं असतं. ते उघड्या नालीत सोडायचं नसतं, शोषखड्ड्यातच न्यायचं असतं. म्हणजे भावाच्या योजनेत १९० लिटर पुन्हा त्याच काळ्या मातीत जिरवायचे, शिवाय टाकीचा खर्च वेगळा.

पाच माणसांसाठी मानकातली टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, पाण्याची खोली एक मीटर. बाहेरचं तोंड आतल्या तोंडापेक्षा ५ सेंटीमीटर खाली, दोन्हींकडे टी आकाराचा पाइप, आणि गॅस पाइप. दोन-तीन वर्षांनी सक्शन टँकर लागतो. तो टँकर तुमच्या बोळात येतो का आणि उपसलेला गाळ कुठे नेऊन ओततो, हे आधी विचारा. सुरक्षेची साधनं न देता माणसाला आत उतरवणं हा २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, ते सोडूनच द्या.

अजून एक. दोन लिटरवर चालणारं भांडं आणि ३०-४० फुटांवरची टाकी ही जोडी जमत नाही. एवढ्याशा पाण्यात मैला लांब वाहत नाही, पाइपातच थांबतो. ग्रामीण भांड्याचा खड्डा जवळ हवा आणि पाइपाचा उतार १५ला १, म्हणजे दर मीटरला साधारण साडेसहा-सात सेंटीमीटर.

---

सिंधुदुर्गकर

आमच्याकडे जांभा. त्यात पाणी झटकन जातं, खड्डा कधी भरलाच नाही. मग तुमच्याकडे काळजी कशाला? मोठा खड्डा घ्या आणि विसरा.

---

जलबंद

सिंधुदुर्गकर, तुमच्याकडे उलटी अडचण आहे. जांभ्याला भेगा आणि पोकळ्या असतात, पाणी न गाळता थेट निघून जातं. खड्डा भरत नाही याचा अर्थ तो चांगला आहे असा होत नाही. तिथे जवळ विहीर असेल तर खड्ड्याचा तळ काँक्रीटने बंद करून भोवती अर्ध्या मीटरचा बारीक वाळूचा थर घालतात. पावसाळ्यात पाणी जिथे वर येतं तिथे सगळं शौचालयच उंच घेतात, खड्ड्यात शिरणारा पाइप पावसाळ्यातल्या पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा निदान ३० सेंटीमीटर वर राहील असं. भेगाळ खडकात विहिरीपासून अमुक अंतर सुरक्षित, असं छातीठोक सांगता येत नाही.

काळीआई, यावरून तुम्हाला विचारतो. भर पावसाळ्यात विहिरीचं पाणी जमिनीपासून किती फुटांवर येतं?

---

काळीआई_परभणी

श्रावण-भाद्रपदात १० फुटांवर. उन्हाळ्यात ४० च्या खाली.

---

जलबंद

मग १० फूट खोल खड्ड्याचा तळ पावसाळ्यात थेट विहिरीच्या पाण्याच्या पातळीला टेकतो. गवंड्याला एवढं एकच सांगा, बाकी वाद घालायची गरज नाही.

तुमच्या जागेचा हिशोब मांडतो.

नकाशातला खड्डा आतून एक मीटर व्यासाचा आणि पाइपाखाली एक मीटर खोल. वर ३० सेंटीमीटर मोकळी जागा. तो पाच-सहा माणसांना तीन वर्षं पुरतो, कारण मैला माणशी वर्षाला ०.०४ घनमीटरच्या आसपास साचतो. जागेचा हिशोब बरोबर आहे. पाण्याचा नाही. अर्ध्या विटेची भिंत धरून बाहेरचा व्यास १.२३ मीटर, म्हणजे भोवतालच्या मातीचा पृष्ठभाग ३.८६ चौरस मीटर. ६० लिटर त्यावर वाटले की चौरस मीटरला रोज साडेपंधरा लिटर. वाळूची जमीन ५० पिते, घट्ट गाळाची न फुगणारी माती १०. काळी माती फुगते, म्हणून १०च्याही खाली. म्हणजे नकाशातला खड्डा तुमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात तुंबेल.

आता खड्डा आतून १.२ मीटर, म्हणजे चार फूट करा. भिंतीबाहेर चारी बाजूंनी ३० सेंटीमीटर जास्त खणा आणि त्यात जाडसर वाळू किंवा विटांचे तुकडे भरा. बाहेरचा व्यास २.०३ मीटर होतो, पृष्ठभाग ६.४ चौरस मीटर, आणि भार चौरस मीटरला ९.४ लिटर. फ्लश टाकी लावली तर याच खड्ड्यावर ३० लिटरचा भार येईल. त्या भांड्याने हा खड्डाही वाचत नाही.

खोली वाढवू नका. चार फुटांखाली मुरूम आहे, तो पाणी भराभर पितो खरा, पण ते पाणी विहिरीकडे जायची वाटही त्यातूनच आहे. इथे काळी माती तुमची विहीर राखते. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली पाण्याची पातळी यांत निदान दोन मीटर हवेत आणि विहीर निदान १० मीटर दूर. नेहमीच्या पद्धतीने तळ जमिनीखाली १.३ मीटरवर येतो, १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उरतं १.७५. कमी पडतं. म्हणून जोतं एक फूट उचला. दोन पायऱ्या वाढतील, खड्ड्याचा वरचा मोकळा भाग जमिनीवर येईल, तळ एक मीटरवर राहील आणि अंतर २.०५ मीटर मिळेल. वर आलेल्या भागाभोवती माती दाबून उताराचा ओटा करा, म्हणजे पावसाचं पाणीही आत येणार नाही.

३५ फूट म्हणजे १०.७ मीटर. हे अंतर शौचालयापासून नाही, विहिरीकडच्या खड्ड्याच्या वाळूच्या बाहेरच्या कडेपासून मोजा.

---

भगवान_गवंडी

जाळी कशी सोडायची ते लिहितो, ते आमचं रोजचं काम. एक थर अख्खा, पुढच्या थरात विटांमध्ये दोन-दोन इंचांची फट, असं आलटून पालटून. पाइपाच्या वर फट नाही, तिथून पुढे सगळं भरीव. वाळूचा थर देणार असाल तर फट अर्ध्या-पाऊण इंचाचीच ठेवा, नाहीतर वाळू आत सांडते. पाइप खड्ड्यात चार इंच पुढे काढा, म्हणजे मैला भिंतीवरून ओघळत नाही. विटांऐवजी सिमेंटच्या रिंगा टाकणार असाल तर भोकं पाडलेल्याच घ्या. साध्या रिंगा टाकल्या की पाणी फक्त तळातून जातं आणि तळ गाळाने लवकर बुजतो.

आणि तळाला मी नेहमी खडी टाकतो. त्याने पाणी लवकर जातं.

---

जलबंद

फटींचं सगळं बरोबर, वाळूजवळ अरुंद फट तर हमखास विसरली जाते. खडीचा मात्र उपयोग नाही. तळ काही महिन्यांत गाळाने बुजतो आणि पुढची सगळी वर्षं पाणी भिंतींतूनच जिरतं. म्हणून वरच्या हिशोबात तळ धरलाच नाही. खडीमुळे उपसताना खत आणि दगड एकत्र येतात, तेवढंच.

---

स्वाती_लातूर

आमच्या गावात अशीच बांधलेली आहेत आणि निम्मी तुंबलेली. बऱ्याच घरांत न्हाणीचं पाणी त्याच खड्ड्यात सोडलंय. काहींनी दोन्ही तोंडं उघडी ठेवलीत. आता दुरुस्त करता येतं का?

---

जलबंद

ताई, न्हाणीचं पाणी आधी तोडा. सहा माणसांच्या आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी दोन-तीनशे लिटर सहज होतं, त्यापुढे मैल्याचे ६० काहीच नाहीत. त्याला वेगळा शोषखड्डा किंवा परसबाग.

मग चेंबर उघडा. भांडं तुंबलंय पण चेंबर कोरडं असेल, तर अडथळा ट्रॅपमध्ये किंवा मधल्या पाइपात आहे. बहुतेकदा कापड, पॅड, गुटख्याची पुडी. वाकडी काडी किंवा बांबूच्या लवचीक कांबीने निघतं. चेंबरमध्ये पाणी उभं असेल तर खड्डा भरलाय किंवा माती पाणी घेत नाहीये. ॲसिड ओतून यातलं काहीच सुटत नाही, खड्ड्यातले मैला कुजवणारे जंतू मात्र मरतात.

दोन्ही तोंडं उघडी असतील तर कमी भरलेला खड्डा चालू ठेवा आणि दुसऱ्याचं तोंड विटेचा तुकडा व चिखल-मातीने बंद करा. सिमेंटने पक्कं बुजवू नका, दोन वर्षांनी ते फोडताना चेंबर फुटतं. झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने तारीख कोरून ठेवा. ही तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही आणि मग खड्डा सहाच महिन्यांत उघडला जातो.

---

स्वाती_लातूर

पण उपसायला कुणी तयार होत नाही. तीच खरी अडचण आहे. लोक म्हणतात मैला तो मैलाच.

---

जलबंद

दीड ते दोन वर्षं कोरडा राहिलेला खड्डा उघडला की आत भुरभुरीत काळसर माती निघते, वास येत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः असा खड्डा उपसायला उतरले होते, लोकांची हीच शंका घालवण्यासाठी. पण अट एकच, खड्डा खरोखर बंद आणि कोरडा राहिलेला असला पाहिजे. झाकण काढल्यावर ओलं, चकाकतं आणि वासाचं दिसलं तर हात लावू नका. झाकण लावा, तोंडातून पाणी झिरपतंय का बघा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. खत फळझाडांना किंवा पेरणीआधी शेतात घाला, पालेभाजीच्या वाफ्यात नको.

---

काळीआई_परभणी

दोन खड्डे २.०३ मीटरचे म्हणजे चार मीटर, मध्ये मोकळी जागा वेगळी. परस १८ फूटच आहे.

---

जलबंद

दोन खड्ड्यांत निदान खड्ड्याच्या खोलीएवढं अंतर ठेवतात, म्हणजे एक मीटर. कारण चालू खड्ड्याचं पाणी बंद खड्ड्यात झिरपायला नको. वाळूच्या कडांमधलं एक मीटर धरलं तर एकूण साधारण ५.०६ मीटर, १६ फूट ७ इंच. १८ फुटांत बसतं, पण दोन्ही टोकं कुंपणाला लागतात. शेजाऱ्याचा किंवा तुमचा पाया तिथे असेल तर काळ्या मातीत जपा. पायाजवळची माती सतत ओली राहिली की फुगते आणि भिंतीला तडे जातात. निदान पाच फूट सोडा. नसेल जमत तर एक खड्डा शौचालयाच्या मागे आणि एक बाजूला घेऊन चेंबर कोपऱ्यात आणा. खड्डे एका ओळीतच हवेत असं नाही, दोन्ही पाइपांना उतार मिळाला की झालं.

जोडखड्डा म्हणजे मध्ये एकच भिंत, हाही एक मार्ग आहे. पण ती भिंत पाणी न झिरपणारी आणि तळाखाली जाणारी हवी, आणि तेवढी जिरणारी बाजू कमी होते. तुमच्या मातीत मी ते टाळेन.

---

भगवान_गवंडी

ट्रॅप बसवताना लेव्हल लावायला सांगा. जरा कलला तरी २० मिलीमीटरचं पाणी एका बाजूला निघून जातं आणि वास सुरू. लोक मग म्हणतात ग्रामीण भांडं वासाचं. आणि चेंबरमध्ये दुसरा ट्रॅप टाकू नका. काही जण डबल खात्री म्हणून टाकतात, दोन लिटर पाणी दोन ट्रॅप ओलांडत नाही.

---

जलबंद

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. बसवल्यावर फरशी पक्की करण्याआधी दोन लिटरची बादली एका झटक्यात ओतून कागदाचे ओले बोळे चेंबरपर्यंत येतात का पाहायचं. नाही आले तर उतार तेव्हाच सुधारता येतो.

---

मुरूमाड

जलबंद यांचा ९.४ चा हिशोब कागदावर ठीक, पण ते स्वतःच म्हणतात काळी माती १० पेक्षा कमी पिते. मग ९.४ पुरेल कशावरून? भाद्रपदात सलग पाऊस लागला की काळी माती चौरस मीटरला पाच लिटरसुद्धा घेणार नाही. माझ्या मते व्यास पाच फूट करावा किंवा खड्ड्याच्या बाजूने वाळू-खडीचा चर काढावा.

---

जलबंद

शंका रास्त आहे. म्हणून खणण्याआधी मातीलाच विचारा. खड्ड्याच्या मध्यावर येईल एवढ्या खोलीवर फूटभर रुंद खड्डी करा, रात्रभर पाण्याने भरून ठेवा. सकाळी १५ सेंटीमीटर पाणी ठेवून ते किती वेळात अडीच सेंटीमीटर उतरतं ते पाहा. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागला तर साध्या शोषखड्ड्याचा भरवसा नाही आणि मुरूमाड म्हणतात तसा पृष्ठभाग वाढवावा लागेल. रात्रभर भिजवणं टाळू नका. वैशाखात काळ्या मातीला भेगा असतात, पाणी त्यांत धो धो जातं आणि परीक्षा खोटी पास होते.

चराबद्दल माझं मत वेगळं आहे. चर विहिरीच्या बाजूने अजिबात नको, आणि तुमच्या परसात उलट्या बाजूला जागा उरत नाही. व्यास पाच फूट केला तर पृष्ठभाग ७.३ वर जातो आणि भार ८.२ लिटर. फरक आहे, पण मोठा नाही. पाणी कमी ओतणं त्याहून जास्त वाचवतं.

---

मुरूमाड

आणि पावसात चालू खड्डा पाण्याने भरला तर? महिनाभर दुसरा उघडायचा का?

---

जलबंद

दुसरा अजून कधीच वापरला नसेल तर उघडा. विश्रांतीवर असेल तर उघडू नका, ताजा मैला पडला की दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. पण घरात सहा माणसं असताना महिनाभर काय करायचं, याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. कुणी काळ्या मातीत तिसरा छोटा शोषखड्डा फक्त पावसाळ्यासाठी चेंबरला जोडून चालवला असेल तर मापं लिहा.

---

काळीआई_परभणी

उद्या जोत्याची आखणी थांबवतोय, आधी खड्डी भिजवून पाहतो. भांडं ग्रामीणच. भावाला १९० आणि ६० चा हिशोब दाखवला, तो फ्लश टाकी सोडायला तयार आहे, पण म्हणतो आईचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी पुढे कमोड लागेल. दोन-तीन लिटरवर चालणारं, हाताने पाणी ओतायचं कमोड मिळतं का, आणि त्याचा ट्रॅप किती मिलीमीटरचा असतो?